तांब्याची नळी पितळी फ्लँजमध्ये ब्रेझ करताना : फट, फ्लक्स आणि आच

ब्रेझिंगमध्ये जोडायचे तुकडे वितळत नाहीत, वितळतो तो फक्त रॉड. रॉडचा धातू ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो आणि दोन तुकड्यांमधल्या अरुंद फटीत केशाकर्षणाने ओढला जातो. नवखा माणूस मात्र रॉड ज्वाळेत धरून वितळवतो आणि सांध्यावर ठिबकवतो. वरून छान चकचकीत कडं दिसतं, आत फट कोरडीच राहते. असा सांधा हाताने ओढून तुटत नाही, म्हणून फसवतो. पाण्याचा दाब दिला की गळतो.

या लेखात एकच काम पुरतं करून पाहू : १५ मि.मी. बाहेरील व्यासाची, १ मि.मी. जाडीची तांब्याची नळी एका पितळी फ्लँजमध्ये बसवायची. फ्लँज ४० मि.मी. व्यासाची, १० मि.मी. जाड. तिच्यात नळीसाठी ८ मि.मी. खोल घर कातलेलं आहे आणि खाली १३ मि.मी.चं भोक आरपार जातं, म्हणजे नळी घराच्या खांद्यावर टेकते आणि आतून दोन्ही भोकं एका रेषेत येतात. हे काम निवडलं कारण तांबं आणि पितळ तापताना वेगळं वागतात, आणि आच सांभाळायचा सराव इथे होतो.

आधी रॉड ठरवा

फिटिंगच्या कामात तांब्याला तांबं जोडायला तांबं-फॉस्फरस रॉड सर्रास वापरतात. त्यातला फॉस्फरस तांब्यावरचा ऑक्साइड स्वतःच काढतो, त्यामुळे तांबं-तांबं जोडाला फ्लक्स लागत नाही. पितळ आलं की हा फायदा संपतो आणि फ्लक्स लावावाच लागतो. शिवाय साध्या, ७ टक्के फॉस्फरसच्या रॉडला पूर्ण वितळायला सुमारे ७९० अंश लागतात, आणि कातकामाचं पितळ ८८५ अंशांच्या आसपास वितळू लागतं. अनुभवी हाताला मधलं अंतर पुरतं, शिकाऊ हाताला ते कमी पडतं.

म्हणून या कामाला चांदीचा रॉड घ्या : ४५ किंवा ५५ टक्के चांदीचा, कॅडमियम नसलेला. ४५ टक्केवाला ६४० अंशांना वितळायला लागतो आणि ६८० ला पूर्ण पातळ होतो. ५५ टक्केवाला त्याहून वीसेक अंश आधी. पितळ वितळायला तिथून निदान दोनशे अंश बाकी असतात. महाग पडतो, पण एका सांध्याला किती थोडा लागतो ते पुढे हिशोबात दिसेलच. पितळेचा रॉड इथे घेऊ नका. तो ८७० ते ९०० अंशांना वितळतो, म्हणजे रॉड आणि फ्लँज एकदमच खाली बसतील.

जुना, नावाचिठ्ठी नसलेला चांदीचा रॉड कुणी फुकट दिला तरी वापरू नका. पूर्वीच्या अनेक रॉडमध्ये कॅडमियम असे, आणि त्याचा धूर जिवावर बेततो.

फट

चांदीच्या रॉडला तापलेल्या अवस्थेत प्रत्येक बाजूला ०.०५ ते ०.१५ मि.मी. फट लागते. त्याहून अरुंद असेल तर फ्लक्सच आत शिरत नाही किंवा बाहेर पडू शकत नाही. त्याहून रुंद असेल तर केशाकर्षणाची ओढ कमी होते, रॉडचा धातू तळाशी ओघळतो आणि वर पोकळी राहते. शिवाय जाड थर पातळ थरापेक्षा कमजोर असतो. जास्त धातू ओतला की सांधा जास्त मजबूत होतो हा समज इथे उलटा ठरतो.

आकडे वाचताना एक गोष्ट तपासा : दिलेली फट एका बाजूची आहे की व्यासातली. घर १५.२० आणि नळी १५.०० असेल तर व्यासात फरक ०.२० आणि एका बाजूला फट ०.१०. या गोंधळातून दुप्पट सैल सांधे तयार होतात.

महत्त्वाचा शब्द वर येऊन गेला : तापलेल्या अवस्थेत. पितळ तांब्यापेक्षा थोडं जास्त फुगतं. १५ मि.मी. व्यासाला साडेसहाशे अंशांनी तापवलं तर पितळेचं भोक तांब्याच्या नळीपेक्षा सुमारे तीन-चार शतांश मि.मी. जास्त मोठं होतं. आपल्या कामात पितळ बाहेर आहे, म्हणजे तापल्यावर फट वाढणार. म्हणून घर १५.१५ ला कातलं. थंड असताना एका बाजूला साडेसात शतांश, तापल्यावर साधारण नऊ शतांश, अगदी मध्यावर. हेच उलटं असतं, म्हणजे तांब्याच्या नळीच्या आत पितळी डट्टा बसवायचा असता, तर तापल्यावर फट आवळली असती. तिथे थंड असताना व्यासात तेवढे शतांश जास्त सोडावे लागतात.

नळी व्हर्निअरने दोन आडव्या दिशांनी मोजा. गुंडाळीतून सरळ केलेली नळी बहुधा अंडाकृती झालेली असते. ती तशीच घातली तर दोन बाजूंना फट शून्य आणि दोन बाजूंना दुप्पट होते. टोक गोल करून घ्या. नळी कटरने कापली असेल तर आतला बर रीमरने काढा आणि बाहेरची किंचित वळलेली कड कानशीने सपाट करा.

नळी घरात मध्यावर राहावी म्हणून एक सोपी युक्ती : नळीच्या बुडणाऱ्या भागावर, सारख्या अंतरावर, बोथट पंचाने तीन हलके टोचे मारा. टोच्याभोवतीची उठलेली कड फट राखते. जोर बेताचा ठेवा, पातळ नळी चेपली तर काम वाढेल.

आठ मि.मी. खोली खरं तर भरपूर आहे. ओव्हरलॅप पातळ तुकड्याच्या जाडीच्या तिप्पट असला तरी पुरतो, म्हणजे इथे ३ मि.मी. पुरेसे झाले असते. जास्तीचे पाच मि.मी. नळी सरळ उभी राहावी म्हणून. त्यापेक्षा खोल घर करून काही मिळत नाही, उलट तळापर्यंत धातू पोचवायला जास्त वेळ आच द्यावी लागते.

सफाई आणि फ्लक्स

नळीचा टोकाकडचा दहा-बारा मि.मी. भाग आणि घराची आतली भिंत बारीक पॉलिश पेपरने घासा, इतकी की धातूचा खरा रंग दिसेल. आरशासारखी चमक नको, बारीक ओरखडे धातूच्या प्रवाहाला मदतच करतात. आधी तेल पुसा, मग घासा. क्रम उलटा केला तर तेल पेपरने धातूत रगडलं जातं. पुसायला अ‍ॅसिटोन वापरलात तर बाटली आणि चिंधी टॉर्चपासून दूर ठेवा. घासल्यावर बोटांनी स्पर्श करू नका, आणि काम त्याच दिवशी उरका. तांबं दिसायला स्वच्छ राहतं, पण ऑक्साइड पुन्हा चढतोच.

फ्लक्स म्हणजे चांदीच्या ब्रेझिंगसाठी मिळणारी पांढरी पेस्ट, बोरेट आणि फ्लोराइड असलेली. बरेच जण घरचा टाकणखार वापरून पाहतात. जुनी कारागिरी टाकणखारावर चालत आली हे खरं, पण टाकणखार वितळतोच मुळी ७४० अंशांच्या पुढे. आपला रॉड ६८० ला पातळ झालेला असेल तेव्हा टाकणखार अजून दाणेदार बसलेला असतो. पितळेच्या रॉडने जाड तांबं किंवा लोखंड जोडताना त्याचा उपयोग आहे, इथे नाही.

पेस्ट ब्रशने नळीवर पातळ लावा, घराच्या भिंतीवर लावा, नळी आत घालून अर्धा वळसा फिरवा म्हणजे थर सगळीकडे सारखा बसेल. मग सांध्याच्या तोंडाशी बाहेरून एक कडं फिरवा. फ्लँजचा वरचा पृष्ठभागही हलका माखला तर पितळ कमी काळवंडतं. पेस्ट घट्ट झाली असेल तर पाण्याचे एक-दोन थेंब घालून ढवळा. फार जास्त भरू नका. नळीच्या आत गेलेला फ्लक्स काचेसारखा कडक होतो आणि काढताना नको होतो.

मांडणी

फ्लँज अग्निविटेवर थेट ठेवली तर वीट तिच्या तळातून उष्णता खेचत राहते. विटेचे तीन छोटे तुकडे मांडून त्यांवर फ्लँज टेकवा, म्हणजे ज्वाळा खालूनही फिरेल. नळी उभी. मागे आणि बाजूला दोन विटा उभ्या केल्या की आच परत फिरून कामावर येते. कमी ताकदीच्या टॉर्चला ही भिंत फार मदत करते.

नळीचं वरचं टोक बंद नसावं. बंद जागेतली हवा तापून फुगते आणि पातळ धातूतून बुडबुडे काढत बाहेर पडते. तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

रॉड आधीच मोजून घ्या. घेर साधारण ४७ मि.मी., खोली ८, फट ०.०९, गुणाकार केला की ३४ घन मि.मी. धातू लागतो. दीड मि.मी. जाडीच्या रॉडच्या प्रत्येक मिलिमीटर लांबीत १.७७ घन मि.मी. धातू असतो, म्हणजे लागणारी लांबी १९ मि.मी. तोंडाशी बारीक गोलाई यावी म्हणून पाच-सहा मि.मी. जास्त धरा. टोकापासून २५ मि.मी. वर रॉड काटकोनात वाकवा. वाकलेला भाग संपला की काम झालं. ही खूण नसेल तर नवखा हमखास दुप्पट रॉड ओततो.

खोलीत हवा खेळती हवी, कारण फ्लोराइडच्या फ्लक्सचा धूर नाकाघशाला झोंबतो. डोळ्यांना ३ किंवा ४ नंबरच्या शेडचा गॉगल, हातात चामडी मोजे. उजेड मात्र प्रखर नको. उन्हात किंवा मोठ्या दिव्याखाली तांब्याचा मंद लाल रंग दिसतच नाही, आणि माणूस तो दिसेपर्यंत तापवत राहतो.

आच

ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीन असेल तर ज्वाळा समतोल किंवा किंचित गॅस जास्त असलेली ठेवा आणि आतला टोकदार शंकू धातूपासून दूर ठेवा. तो शंकू पितळेला क्षणात भोक पाडू शकतो. एवढ्या फ्लँजला प्रोपेनचा मोठा टॉर्चही पुरतो आणि शिकायला तोच बरा, कारण त्याची ज्वाळा रुंद आणि मऊ असते.

आता दोन धातूंचा स्वभाव. तांबं उष्णता पितळेच्या तिप्पट वेगाने वाहून नेतं. नळीवर एका जागी ज्वाळा धरली तर उष्णता वर पळून जाते. पितळेवर एका जागी धरली तर ती तिथेच साचते : एक कोपरा लाल, समोरचा अजून काळा. त्यात फ्लँज वजनदार आहे आणि नळी पातळ. म्हणून सुरुवातीला बहुतेक आच फ्लँजवर द्या, पण टॉर्च सतत गोल फिरता ठेवा आणि प्रत्येक फेरीत एकदा नळीवर, सांध्याच्या वर दोनेक सें.मी.पर्यंत, वर-खाली झुलवा. दोन्ही तुकडे एकत्र तापमानाला आले पाहिजेत.

आपला तापमापक म्हणजे फ्लक्स. त्याच्याकडे नीट बघितलं की दुसरं उपकरण लागत नाही. शंभर अंशांना पाणी उडतं आणि पेस्ट बुडबुडते. इथे घाई केली तर ती फुटून उडते आणि खालचा धातू उघडा पडतो, म्हणून सुरुवात हळू. तीनशेच्या आसपास ती पांढरी, फुगीर, भुसभुशीत दिसते. सव्वाचारशेला खाली बसते आणि दुधाळ होते. सहाशेच्या जवळ आली की एकदम पारदर्शक आणि पाण्यासारखी पातळ होते, तिच्याखालचा धातू स्वच्छ दिसू लागतो. तांब्यावर पारदर्शक झाली पण पितळेच्या मागच्या बाजूला अजून दुधाळ असेल, तर आच कुठे कमी आहे ते कळलं. टॉर्च तिकडे न्या.

सगळा घेर पारदर्शक झाल्यावर अजून थोडं तापवा. अंधारलेल्या जागेत तांब्यावर मंद लाली जेमतेम दिसू लागते. आता ज्वाळा किंचित बाजूला करून रॉडचं टोक सांध्याच्या तोंडाला, ज्वाळेच्या विरुद्ध बाजूला टेकवा. तापमान बरोबर असेल तर टोक मऊ होऊन क्षणात फटीत नाहीसं होतं. टोक चिकटलं किंवा गोळी होऊन बसलं तर धातू अजून थंड आहे. रॉड उचला आणि पाच-दहा सेकंद आणखी आच द्या. या वेळी ज्वाळा रॉडवर नेण्याचा मोह होतो. तो आवरा. रॉड धातूच्या उष्णतेने वितळला पाहिजे.

रॉड चालू झाला की आच फ्लँजच्या खालच्या अंगाला न्या. वितळलेला धातू जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो, त्यामुळे खालून आच दिली की तो आठ मि.मी. खाली खांद्यापर्यंत ओढला जातो. वर नळीवरच ज्वाळा ठेवली तर तो नळीवर चढतो आणि तिथे चांदीचा पट्टा पसरतो. दिसायला उदार, कामाला शून्य. रॉड घेराभोवती फिरवत दोन-तीन ठिकाणी द्या. तोंडाशी सलग चकचकीत रेघ दिसली आणि वाकवलेला भाग संपला की टॉर्च काढा.

हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हावं. फ्लक्सला आयुष्य असतं : ऑक्साइड पिऊन पिऊन तो भरतो आणि मग काळा, खरबरीत होतो. त्या अवस्थेत रॉड कितीही टेकवा, धातू गोळ्या होऊन घरंगळेल. आणखी तापवून उपयोग नाही. थांबा, थंड करा, धुवा, पुन्हा घासा, नवीन फ्लक्स लावा. हा त्रास वारंवार होत असेल तर तुमचा टॉर्च त्या वजनाला छोटा आहे.

उलट बाजूने, पितळेतून पांढरा धूर निघताना किंवा त्याच्यावर पांढरी भुकटी बसताना दिसली तर तुम्ही फार पुढे गेलात. पितळेतलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, पण त्याआधीच ते उडायला लागतं. तो धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. आच काढा, बाहेर जा, मग बघा. असा तुकडा बहुधा खडबडीत आणि छिद्रांचा झालेला असतो. नवीन घेणं बरं.

थंड करणं आणि धुणं

टॉर्च काढल्यावर नळीला हात लावू नका. रॉडचा धातू अर्धवट गोठलेला असताना नळी हलली तर सांध्यात न दिसणारी चीर राहते. पातळ चमक जाऊन पृष्ठभाग मंद झाला की तो गोठला, तरी आणखी मिनिटभर थांबा. लाल तापलेलं पितळ थेट पाण्यात टाकू नका. गरम पितळ ठिसूळ असतं आणि तडकतं. ताणाखाली असलेलं पितळही ब्रेझ करताना तडकू शकतं, म्हणून तुकडे वाइसमध्ये आवळून किंवा जोर लावून बसवलेले नसावेत.

पूर्ण काळं पडून बरंच निवल्यावर तुकडा गरम पाण्यात, ६० अंश किंवा वर, अर्धा तास ठेवा. फ्लक्सची काच विरघळते, उरलेली पितळी ब्रशने निघते. ही पायरी टाळू नका. उरलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि पितळ खातो. शिवाय त्याच्या काचेने बुजलेलं छिद्र पहिल्या चाचणीत गळत नाही आणि महिन्याभराने गळतं. काळा ऑक्साइड काढायचा असेल तर कोमट पाण्यातल्या दहा टक्के सायट्रिक आम्लात बुडवा. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, पितळ तांबूस होऊन येतं.

आता आत बघा. १३ मि.मी.च्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकला की नळीचं टोक जिथे खांद्याला टेकतं तिथे बारीक चंदेरी रेघ सबंध घेरात दिसली पाहिजे. रॉड वरून दिला आणि तो खाली उगवला, म्हणजे फट भरली. रेघ एका बाजूला तुटक असेल तर ती बाजू कमी तापली होती. तोंडाशी कितीही सुंदर गोलाई असली तरी. तिथे पुन्हा फ्लक्स लावून, पुन्हा सबंध फ्लँज तापवून, खालून आच देऊन धातू उतरवता येतो. नुसत्या त्या जागेवर टॉर्च धरू नका.

दाबाची चाचणी पाण्याने करा, हवेने नाही. आणि लक्षात ठेवा, ब्रेझिंगच्या तापमानाला कडक नळी मऊ पडते. सांधा टिकला तरी त्याच्या वरची नळी आता पूर्वीपेक्षा सहज वाकेल, म्हणून तिला आधार जवळ द्या.

कामाचा सांधा करण्याआधी एक फ्लँज फक्त कापण्यासाठी ब्रेझ करा. थंड झाल्यावर करवतीने नळीसकट उभी दोन तुकडे करा आणि कापलेली बाजू बारीक पेपरवर घासा. तांब्याचा लाल आणि पितळेचा पिवळा यांच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ वरपासून खांद्यापर्यंत दिसेल. रेघेत जिथे काळा ठिपका आहे तिथे फ्लक्स अडकला. रेघ मध्येच संपली असेल तर संपण्याची खोली मोजा. पुढच्या तुकड्यावर तेवढ्या खोलीच्या खाली आच न्यायची आहे.